#फराळ की #faral: सदाशिव पेठेतल्या एका घरगुती फराळाचं प्रकरण

सदाशिव पेठेत घरगुती फराळ करून विकणाऱ्या एका काकूंचं हे प्रकरण आहे. दुकान नाही, पाटी नाही. वाडा पाडून झालेल्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या, मदतीला चार बायका आणि दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत न थांबणारी कढई. विक्री ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतून. इन्स्टाग्रामचं खातं मुलाने उघडलं. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्री घरी आला की दिवसभरात काढलेले फोटो टाकतो.

२०२५ सालच्या गणपतीनंतर दोघांत वाद सुरू झाला तो हॅशटॅगवरून. मुलगा प्रत्येक फोटोखाली वीसेक टॅग चिकटवायचा, सगळे रोमन: #faral, #diwalifaral, #chakli, #punefood, #foodie आणि पुढे बरंच काही. काकूंचं म्हणणं साधं होतं. "पदार्थ मराठी, गिऱ्हाईक मराठी, मग ही इंग्रजी शेपटी कोणासाठी?" मुलगा म्हणायचा, "आई, फोनवर मराठी टाइप करतं कोण?" मी लहान धंद्यांची अशी कामं बघतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

दोघांचंही खरं होतं, फक्त दोघं वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलत होते. काकूंच्या डोळ्यांपुढे वाचणारा होता, मुलाच्या डोळ्यांपुढे शोधणारा. हॅशटॅग ही दोन्ही कामं करतो, पण एकच टॅग दोन्ही कामं चांगली करेलच असं नाही. त्यामुळे 'लिपी कोणती' हा प्रश्न मी बाजूला ठेवला. प्रत्येक टॅग समोर घेऊन हा वाचायला आहे की सापडायला आहे, एवढं आधी ठरवायचं, असं आम्ही ठरवलं.

टॅग थोडेच ठेवायचे हेही आधीच नक्की केलं. इन्स्टाग्राम स्वतः २०२१ पासून तीन ते पाच नेमके टॅग पुरेत असं सांगत आलं आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅग फॉलो करायची सोयही त्यांनी काढून टाकली. म्हणजे #punefood फॉलो करणाऱ्या कुणाच्या समोर आपली चकली आपोआप येईल, ही आशा संपली. आता टॅगकडे माणूस येतो तो शोधायला, किंवा टॅगवर बोट ठेवून पुढे काय आहे ते बघायला. वीस टॅगांतले पंधरा तर तसेच गळाले. वाद उरला तो पाच जागांचा.

वाचून पाहिलं तेव्हा

पहिली पायरी अगदी बिनखर्ची होती. टॅग एकेका चिठ्ठीवर टाइप करून फोनवर मोठे केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवले: कामाच्या बायका, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सून, सुनेची मैत्रीण, डबे न्यायला आलेला मुलगा. एक नजर टाकायची आणि मोठ्याने वाचायचं. कोण कुठे अडखळतं ते मी लिहून घेत होतो.

मुलाचा लाडका टॅग होता #punekarkhana. त्याच्या मनात 'पुणेकर खाना' होतं. वरच्या आजोबांनी चष्मा नीट करून वाचलं, "पुणे कारखाना." सुनेच्या मैत्रिणीनेही तेच वाचलं. रोमन जोडशब्दात शब्द कुठे तुटतो हे मोठ्या अक्षरांनी दाखवता येतं, #PunekarKhana असं लिहिता येतं. टॅग शोधताना लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं, त्यामुळे त्यात तोटा काही नाही. उलट फोन ज्यांना मजकूर वाचून दाखवतो अशा दृष्टिहीन वापरकर्त्यांना त्याचा फायदाच होतो. पण स्वरांची अडचण त्यानेही सुटत नाही. रोमनमधला a कधी अ असतो, कधी आ. th म्हणजे थ की ठ, d म्हणजे द की ड, n म्हणजे न की ण, l म्हणजे ल की ळ, हे वाचणाऱ्याने शब्द आधी ओळखला तरच कळतं. #tikhatmithachyapurya हा टॅग तिखटमिठाच्या पुऱ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांनी वाचला, पण तोही दुसऱ्या प्रयत्नात. ज्यांनी खाल्ल्या नव्हत्या ते मध्येच सोडून देत होते.

यावरून देवनागरी जिंकली असं काकूंनी लगेच जाहीर केलं. पण देवनागरीही सगळीकडे सरळ गेली नाही. #भाजणीचीचकली या टॅगला जवळजवळ प्रत्येकजण ठेचकाळला. 'ची' संपून 'च' सुरू होतो तिथे डोळ्याला 'चीच' दिसतं आणि माणूस 'भाजणीचीच' पर्यंत जाऊन मागे फिरतो. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे शब्दाची सुरुवात उठून दिसत नाही. उपाय दोन: मध्ये अधोरेषा घालून #भाजणीची_चकली करायचं किंवा प्रत्यय गाळून #भाजणीचकली करायचं. अधोरेषेने वाचायला छान होतं, पण तो टॅग अधोरेषा नसलेल्या टॅगपेक्षा वेगळा धरला जातो आणि शोधताना अधोरेषा कुणी टाइप करत नाही. म्हणून वाचायच्या टॅगात अधोरेषा चालेल, सापडायच्या टॅगात नको, असं ठरलं.

यात एक गंमत सापडली, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. #पुणेरीअनारसे हा लांबलचक टॅग कुणीही अडखळला नाही. मराठी शब्दाच्या पोटात पूर्ण 'अ' किंवा 'आ' क्वचितच येतो, तिथे मात्रा असते. त्यामुळे मध्येच पूर्ण स्वर दिसला की इथे नवा शब्द सुरू झाला हे डोळ्याला आपोआप कळतं. दुसरा शब्द अ, आ, उ यांनी सुरू होत असेल तर अधोरेषेची गरजच नाही. दोन शब्दांपर्यंत देवनागरी टॅग एका नजरेत वाचला जातो आणि तिसरा शब्द जोडला की वेग पडतो, एवढा आमचा ढोबळ निष्कर्ष. पंधरा-वीस माणसांवरून यापेक्षा जास्त काही म्हणणं बरं नव्हे.

टॅगच्या पानावर शेजारी कोण

बहुतेक लोक टॅग निवडताना त्याखाली किती पोस्ट आहेत तो आकडा बघतात. तो आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. टॅगचं पान उघडायचं आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर काय दिसतं ते बघायचं: आपल्यासारखे पदार्थ आहेत का, ताजे आहेत का, पुण्याचे आहेत का, आणि ते बघायला येणारा माणूस आपलं गिऱ्हाईक होऊ शकतो का. मोठ्या आकड्याच्या पानावर चुकीचे शेजारी असतील तर तिथे जाऊन उपयोग नाही.

ही पाहणी करताना रोमन टॅगांचं खरं दुखणं दिसलं. काकूंची भाजणीची चकली प्रसिद्ध, म्हणून मुलगा #bhajani टाकायचा. ते पान उघडलं तर भजनी मंडळं, टाळ, मृदंग, अभंग. भाजणी आणि भजनी रोमनमध्ये एकाच अक्षरांत मावतात. तसंच #wada आणि #vada: बटाट्याचा वडा, शनिवारवाड्याचे फोटो आणि जुन्या वाड्यांच्या आठवणी एकाच रांगेत. पुण्यात तर हा गोंधळ टळणारच नाही, कारण दोन्ही गोष्टी इथल्याच.

#faral आणि विशेषतः #farali यांची कथा आणखी वेगळी. गुजरातीत फराळी म्हणजे उपवासाचं. त्यामुळे #farali उघडलं की साबुदाणा, राजगिरा, उपवासाची पॅटिस यांच्या पाककृती येतात, त्यातल्या बऱ्याच गुजराती घरांतल्या. हे लोक चकली-चिवड्याची ऑर्डर द्यायला तिथे आलेले नसतात. अर्थात मराठीतही फराळ म्हणजे उपवासाचा आणि दिवाळीचा, दोन्ही. नवरात्रात #फराळ या देवनागरी पानावरही उपवासाची थालीपिठं दिसत होती. नुसती लिपी बदलून हा घोळ सुटत नाही, सोबत 'दिवाळी' हवंच. म्हणून एकटा #फराळ गेला आणि #दिवाळीफराळ आला.

त्याच्या रोमन जोडीदारात निवडायचं काय हा पुढचा प्रश्न. diwalifaral, divalifaral, diwalipharal, diwalifaraal अशी रूपं हाताशी होती. शंकरपाळ्यांचं तर विचारू नका: shankarpali, shankarpale, shankarpara, shakkarpara. चिवड्याला chivda, chiwda, chivada. रोमन मराठीला शुद्धलेखनाचे नियम नाहीत, त्यामुळे एकाच पदार्थाची पानं चार-पाच होतात आणि गर्दी त्यांच्यात वाटली जाते. मुलाने सगळीच रूपं टाकायची ठरवली होती. पाच जागा असताना ते परवडत नाही, आणि पोस्टही भंगारासारखी दिसते. आम्ही प्रत्येक शब्दाचं एकच रोमन रूप धरलं. ते निवडताना आपल्याला कोणतं बरोबर वाटतं हे पाहिलं नाही. शोधाच्या चौकटीत पहिली तीन-चार अक्षरं टाइप केल्यावर सूचना म्हणून कोणतं रूप आधी पुढे येतं ते पाहिलं, कारण बहुतेक माणसं पूर्ण शब्द लिहीतच नाहीत. सूचनेवर बोट ठेवून मोकळी होतात. त्यातून diwalifaral ठरलं.

देवनागरीचा इथे एक मोठा फायदा, तो काकूंच्याही ध्यानात नव्हता. ही लिपी हिंदीचीही आहे, त्यामुळे देवनागरी टॅग म्हणजे मराठी माणूस असं सरसकट म्हणता येत नाही. #चकली तसा सगळ्यांचा. पण #दिवाळी मधला ळ हिंदीत नाही, तिथे दिवाली किंवा दीपावली. #लाडू आपला, लड्डू त्यांचा. करंजी आपली, गुजिया त्यांची. असा एक शब्द टॅगात असला की पानावरची गर्दी आपसूक मराठी होते. #दिवाळीफराळ च्या पानावर पोस्ट रोमनपेक्षा कितीतरी कमी, पण पहिल्या पडद्यावर सगळे घरगुती फराळवाले, त्यातले बरेच महाराष्ट्रातले. काकूंसाठी हे पान लहान असूनही जास्त कामाचं होतं.

टाइप करणारा हात

मुलाचा मुद्दा, मराठी टाइप करतं कोण, तपासायला आम्ही ऑर्डर घेतानाच एक प्रश्न जोडला: आम्ही कसे सापडलो, काय लिहून शोधलंत? काकू फोनवर स्वतः विचारायच्या आणि वहीत मराठीत लिहून ठेवायच्या. पद्धत काटेकोर नाही, लोक विसरतात, काहीजण उगाच 'इन्स्टावरून' म्हणतात. तरी एक चित्र उभं राहिलं.

पेठा, कोथरूड, कर्वेनगर इथली जुनी गिऱ्हाइकं टॅगने आलीच नव्हती. त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवर यादी आली होती, आणि खातं बघायचं तर ती फोनला बोलून सांगत. आवाजी टायपिंग मराठीवर असलं की अक्षरं देवनागरी उमटतात. साठीच्या बाईला कळफलक येत नसेल, पण माईकचं बटण येतं. मुलाच्या हिशेबात हा वर्ग नव्हताच.

बाणेर, वाकड, हिंजवडीकडची तरुण गिऱ्हाइकं रोमनमध्येच शोधत, आणि त्यांत मराठी नसलेलेही होते. ते टॅग लिहीत नव्हते, वाक्य लिहीत: diwali faral pune, homemade chakli near me. त्यांच्यासाठी टॅगपेक्षा मजकुरातला आणि खात्याच्या नावातला रोमन शब्द कामाला येतो. खात्याच्या नावापुढे आम्ही Diwali Faral Pune एवढे तीन शब्द जोडले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत फळलेला बदल तो, आणि त्यात हॅशटॅग एकही नाही.

तिसरा गट परदेशातल्या मुलांचा. फराळाचा डबा पुण्यातून आई-वडील पाठवतात, पण काय हवं ते मुलं सांगतात. त्यांच्या ऑफिसच्या फोनवर मराठी कळफलक नसतो, लिहितात रोमन, वाचतात मात्र देवनागरी आनंदाने. त्यांच्याकडे पोस्ट जाते ती व्हॉट्सॲपवरून, आणि व्हॉट्सॲपमध्ये हॅशटॅगवर बोट ठेवून कुठे जाता येत नाही. तिथे तो नुसता मजकूर असतो, म्हणजे फक्त वाचायचा.

व्हॉट्सॲपच्या वाटेत एक खड्डा आहे तो इथेच सांगतो. मुलाने #फराळ च्या पानाचा दुवा कॉपी करून नातेवाइकांच्या गटात टाकला, तर मराठी शब्दाच्या जागी हे उमटलं:

```
%E0%A4%AB%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%B3
```

दुव्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरं लागतात. फ, र, काना, ळ मिळून छत्तीस अक्षरं. गटातल्या एका मावशींना हा व्हायरस वाटला आणि त्यांनी सगळ्यांना सावध केलं. देवनागरी टॅगच्या पानाचा दुवा पाठवायचा नाही. टॅग मजकुरात लिहायचा आणि दुवा द्यायचा तो खात्याचा.

आणखी एक सवय मोडावी लागली. काकूंना टॅग वाक्यातच हवे होते: "यंदा #दिवाळीफराळाची ऑर्डर सुरू." दिसतं नेटकं. पण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्यामुळे इथे तयार झालेला टॅग #दिवाळीफराळाची असा आहे, आणि त्या पानावर काकूंशिवाय फारसं कुणी नाही. पुणे, पुण्यात, पुण्याचा हे तीन वेगळे टॅग होतात. मूळ रूपातले टॅग वाक्याबाहेर, मजकुराच्या शेवटी. वाक्यात विभक्ती हवी तितकी, पण तिच्या आधी # नको.

आकड्यांतला घोळ

मध्यंतरी मुलाने एक तक्ता आणून दाखवला. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या पोस्टचे मजकूर त्याने गूगल शीट्समध्ये चिकटवले होते आणि त्यातले टॅग सूत्राने वेगळे काढले होते. तक्त्यात देवनागरी टॅग जवळपास शून्य. "बघा, कोणी वापरतच नाही," असं म्हणून तो काकूंकडे बघत होता.

मला खटकला तो एक रकाना. मूळ मजकुरात कुणीतरी #Diwaliफराळ असा मिश्र टॅग टाकला होता आणि तक्त्यात फक्त #Diwali आला होता. म्हणजे सूत्र देवनागरी सुरू होताच थांबत होतं. सूत्र असं होतं:

```
=REGEXEXTRACT(A2, "#\w+")
```

शीट्समध्ये \w म्हणजे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा. #दिवाळीफराळ साठी ते #N/A देतं, आणि त्याने #N/A च्या ओळी कचरा समजून काढून टाकल्या होत्या. काही प्रोग्रामिंग भाषांत हेच \w मूळ अक्षर धरतं पण मात्रा धरत नाही, तिथे #दिवाळी चा नुसता #द उरतो. सूत्र बदलून रिकामी जागा किंवा पुढचा # येईपर्यंत सगळं घ्यायला सांगितलं:

```
=REGEXEXTRACT(A2, "#[^\s#]+")
```

एका मजकुरातला पहिलाच टॅग यात मिळतो, आणि टॅगाला चिकटून स्वल्पविराम असेल तर तोही येतो, पण या कामाला तेवढं चालण्यासारखं होतं. आता चित्र पालटलं. गिऱ्हाईक स्वतः फोटो टाकतं तेव्हा देवनागरी टॅग बऱ्यापैकी वापरतं, विशेषतः सणाच्या शुभेच्छांसोबत. शोधताना रोमन आणि मिरवताना देवनागरी, अशी सवय मला इतर धंद्यांतही दिसलेली आहे.

याच तक्त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दोन ठिकाणी वेगळ्या मोजल्या गेल्या. डोळ्यांना दोन्ही #तिखटमिठाच्यापुऱ्या अगदी सारखे. फरक 'ऱ्य' मध्ये होता. मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात वेगळा ऱ आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. ओळखायची सोपी खूण म्हणजे LEN. नुसत्या 'पुऱ्या' या शब्दाची लांबी पहिल्या तऱ्हेने ६ येते, दुसऱ्या तऱ्हेने ७. 'ॲ' चंही तसंच आहे: एकच चिन्ह असलेला ॲ आणि अ वर चंद्र दिलेला अॅ हे दिसायला जुळे, आत वेगळे. कोणतं संकेतस्थळ अशा जुळ्यांना एक मानेल आणि कोणतं टॅग मध्येच तोडेल यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. सापडायच्या टॅगात ऱ्य, ऱ्ह आणि ॲ असलेले शब्द टाळले. पुऱ्यांचा टॅग काढला आणि पदार्थाचं नाव मजकुरात ठेवलं.

पाच जागा कोणाला

शेवटी ठरलेला संच असा: #दिवाळीफराळ, #diwalifaral, त्या दिवसाच्या पदार्थाचा एक देवनागरी टॅग (#भाजणीचकली, #लाडू, #करंजी असा), #PuneFood च्या जागी #Punekar, आणि पाचवा काकूंच्या नावाचा स्वतःचा टॅग.

#Punekar वर आमच्यात थोडी ओढाताण झाली. काकूंना #पुणेकर हवा होता. वाचायला दोन्ही सारखेच सोपे, कारण हा शब्द रोमनमध्ये दुसऱ्या कशाशी घोटाळत नाही आणि त्याचं स्पेलिंगही एकच रूढ आहे. असा शब्द असेल तर रोमन घ्यावं, कारण पुण्यात राहणारा पण मराठी न लिहिणारा माणूसही तिथे येतो. स्पेलिंगचे पाय फुटणारे किंवा दोन अर्थांचे शब्द देवनागरीत, एकाच स्पेलिंगने स्थिरावलेले शब्द रोमनमध्ये, अशी ढोबळ वाटणी झाली.

स्वतःच्या टॅगचा निर्णय सर्वांत अवघड होता, कारण तो डब्याच्या झाकणावर छापायचा होता. आडनावावरून केलेला टॅग काकूंनी देवनागरीत मागितला. छपाईवाल्याने नमुना पाठवला, तो सुंदर होता. त्याच फाइलमधून टॅग कॉपी करून इन्स्टाग्रामवर चिकटवला तर रोमन अक्षरांचा खिचडा उमटला, कारण छपाईत अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात. छापायला हरकत नाही, कॉपी करायला बंदी. टॅग नेहमी फोनवर नव्याने टाइप केलेला वापरायचा.

पण झाकण वाचणाऱ्याने तो टाइप करायचा तर काय? डबा हातात असलेल्या माणसाने फोटो टाकताना टॅग लिहावा, हा या टॅगचा एकमेव उपयोग. त्याला कळफलक बदलायला लावलं तर तो कंटाळतो. म्हणून झाकणावर मोठा देवनागरी टॅग, त्याखाली बारीक रोमन, आणि कोपऱ्यात खात्याकडे नेणारा क्यूआर कोड. गिऱ्हाइकाने दोन्हींपैकी कोणताही लिहिला तरी आम्ही दोन्ही पानं रोज रात्री उघडून बघायचो आणि तो फोटो पुन्हा टाकायचो. ब्रँडच्या स्वतःच्या टॅगपुरतं दोन्ही लिप्या सांभाळणं परवडतं, कारण त्या पानांवर दुसरं कुणी नसतं.

लिप्यांची तुलना करायला आम्ही एक दिवस फक्त देवनागरी आणि दुसऱ्या दिवशी फक्त रोमन टॅग लावून पाहिले. आठवडा-आठवडा तुलना केली असती तर फसलो असतो. २ ऑक्टोबरच्या दसऱ्यानंतर १७ तारखेच्या वसुबारसेपर्यंत मागणी रोज वाढतच जाते, त्यामुळे नंतरचा आठवडा कुठल्याही लिपीत जिंकलाच असता. एकाआड एक दिवस ठेवूनही ऑर्डरींमध्ये डोळ्यात भरावा असा फरक दिसला नाही. फरक दिसला तो पोस्टखाली बोलणाऱ्या लोकांत. देवनागरी दिवशी भाव, पत्ता, भाजणी घरची का, असे गिऱ्हाइकी प्रश्न जास्त आले. रोमन दिवशी लाइक जास्त, आणि त्यांतले पुष्कळ दुसऱ्या शहरांतल्या खाद्यपदार्थवाल्या खात्यांचे. मुलाला लाइकचं वाईट वाटत नव्हतं. काकूंना 'भाजणी घरची का' हा प्रश्न हवा होता.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, ऑर्डरी १८ तारखेलाच बंद केल्या होत्या. त्या बंद होण्याचं श्रेय टॅगला देता येत नाही. कढई एक आणि हात मोजके असल्यामुळे काकू दरवर्षीच त्याच सुमाराला थांबतात.

आता संक्रांतीच्या गूळपोळीचे टॅग ठरवायला बसलो तर दिवाळीची वाटणी जशीच्या तशी लागू होईना. इथे देवनागरीतच पाय फुटतात: नियमाने गूळपोळी, लोक लिहितात गुळपोळी, आणि घरात म्हणतात गुळाची पोळी. रोमनमध्ये gulpoli बऱ्यापैकी स्थिर आहे, कारण तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही. काकूंना दीर्घ गूच हवा, ऱ्हस्व छापून गेला तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाल्या. मजकुरात आणि डब्यावर गूळपोळी, टॅगात #गुळपोळी आणि #gulpoli, असं तूर्त लिहून ठेवलं आहे. टॅगातल्या ऱ्हस्व उकाराला काकूंनी अजून होकार दिलेला नाही.